जाळं न विणणारा कोळी उडीचं अंतर मोजतो कसा? उत्तर आहे धूसर दिसण्यात

खिडकीच्या चौकटीवर, गॅलरीच्या भिंतीवर किंवा कुंडीच्या कडेवर तो तुम्ही नक्की पाहिला असेल. आकार नखाहून लहान, अंगावर बारीक लव, पाय आखूड. बोट जवळ नेलं की पळून न जाता तो चक्क वळून तुमच्याकडे बघतो. मग दोन पावलं मागे सरकतो, पुन्हा बघतो आणि टुणकन उडी मारून दिसेनासा होतो.

हा उडी मारणारा कोळी. शास्त्रज्ञ त्याच्या कुळाला सॅल्टिसिडी म्हणतात. कोळ्यांच्या सगळ्या कुळांमध्ये हे सर्वांत मोठं कुळ आहे, त्यात सहा हजारांहून जास्त प्रजाती आहेत. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका नव्या कोळ्याला २६/११ च्या हल्ल्यात कसाबला पकडताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांचं नाव दिल्याची बातमी तुम्हाला आठवत असेल. तो ‘आयसियस तुकारामी’ याच कुळातला.

या कुळातले जवळपास सगळे कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाहीत. त्यांना रेशमी धागा काढता येतो, झोपायला, कात टाकायला आणि अंडी घालायला ते त्याची छोटीशी पिशवीही करतात. पण भक्ष्य अडकण्याची वाट बघत बसणं त्यांच्या स्वभावात नाही. ते मांजरासारखे दबा धरतात आणि झडप घालतात.

इथेच एक अडचण येते. जाळ्यातल्या कोळ्याला अंतर मोजावं लागत नाही. धागा हलला की भक्ष्य कुठे आहे ते त्याला पायांना कळतं. उडी मारणाऱ्याचं तसं नाही. माशी चार सेंटीमीटरवर आहे की सहा, हे त्याला पाय सुटण्याआधी ठाऊक हवं. उडी कमी पडली तर माशी उडाली, जास्त झाली तरी उडाली. वर तो स्वतः भिंतीवरून खाली पडणार ते वेगळंच.

मग तो हे अंतर मोजतो कसं? याचं उत्तर मिळायला २०१२ साल उजाडावं लागलं, आणि ते ज्या कोळ्यावर सापडलं तो आपल्याकडच्या घरांतही राहतो.

आठ डोळे, पण कामं वेगळी

या कोळ्याला आठ डोळे असतात. चार समोर एका रांगेत, बाकीचे डोक्यावर मागच्या बाजूला. समोरच्या चारपैकी मधले दोन इतके मोठे असतात की फोटोत तेच आधी दिसतात. इन्स्टाग्रामवर हा कोळी ‘क्यूट’ ठरतो तो या दोन डोळ्यांमुळेच.

गंमत म्हणजे माशी आली आहे, हे सहसा आधी या मोठ्या डोळ्यांना कळत नाही. ते काम बाजूच्या छोट्या डोळ्यांचं. त्यांना बारकावे फारसे दिसत नाहीत, पण हालचाल लगेच कळते आणि सगळे मिळून जवळपास चहूबाजूंवर नजर ठेवतात. कुठे काही हललं की कोळी त्या दिशेला वळतो, म्हणजे मोठे डोळे बरोबर त्या वस्तूसमोर येतात. तुमच्या बोटाकडे तो वळला होता तो असाच.

अमेरिकेतल्या संशोधकांनी तर कोळ्यासाठी खास यंत्र बनवून त्याच्या मोठ्या डोळ्यांची आतली हालचाल टिपली. २०१८ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात, समोरच्या रांगेतले कडेचे दोन डोळे झाकले तेव्हा मोठ्या डोळ्यांना हलत्या वस्तूचा माग ठेवता आला नाही. म्हणजे कडेचे डोळे दाखवतात आणि मोठे डोळे निरखतात.

मोठ्या डोळ्याची रचनाही वेगळीच आहे. पुढचं भिंग कवचालाच घट्ट बसलेलं असतं, त्यामुळे आपल्यासारखं बुबुळ फिरवता येत नाही. भिंगामागे एक लांबट नळी आणि नळीच्या टोकाला दृष्टिपटल, म्हणजे प्रतिमा टिपणारा पडदा. प्रत्येक नळीला सहा स्नायू असतात आणि ते हा पडदाच आतल्या आत हलवतात. अंगाने फिकट, पारदर्शक असलेल्या काही प्रजातींत या नळ्या डोक्यात सरकताना बाहेरून दिसतात. ‘कोळ्याचे डोळे रंग बदलतात’ म्हणून फिरणारे व्हिडिओ बहुतेक याच हालचालीचे असतात.

लांब नळीमुळे हा डोळा दुर्बिणीसारखा काम करतो. पोर्शिया नावाच्या कोळ्याची नजर, बारकावे ओळखण्याच्या बाबतीत, कीटकांत सर्वांत तीक्ष्ण मानल्या जाणाऱ्या चतुराच्या नजरेपेक्षा सुमारे दहापट सरस आहे. पण दुर्बिणीतून एका वेळी थोडंच दिसतं, तसंच इथेही होतं. प्रत्येक मोठ्या डोळ्याला एका क्षणी फक्त एक अरुंद उभा पट्टा दिसतो. हात लांब करून अंगठा धरला तर तो जेवढी जागा झाकतो, त्याहून हा पट्टा फार रुंद नसतो. म्हणून कोळी पडदा इकडेतिकडे फिरवत समोरचं दृश्य तुकड्यातुकड्याने वाचतो.

आपली युक्ती त्याला का चालत नाही?

आपल्याला अंतर कळतं ते मुख्यतः दोन डोळ्यांमुळे. दोन्ही डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या कोनातून बघतात आणि मेंदू त्या फरकावरून अंतर काढतो. खंडोबाचा किडाही ही युक्ती वापरतो. कोळ्याच्या दोन मोठ्या डोळ्यांचे अरुंद पट्टे मात्र एकमेकांवर येत नाहीत. एकाच वस्तूची दोन चित्रं मिळाली नाहीत तर तुलना कशाची करणार?

दुसरी युक्ती टोळाची. उडी मारण्याआधी तो डोकं डावीकडे-उजवीकडे झुलवतो. जवळची वस्तू जास्त सरकल्यासारखी दिसते, दूरची कमी. धावत्या एसटीतून बघताना रस्त्याकडेची झाडं झपाझप मागे जातात आणि डोंगर मात्र सोबत चालतो, तोच हा प्रकार. पण आपला कोळी उडीआधी डोकं झुलवत नाही. तसं केलं तर माशी सावध होईल.

तिसरी युक्ती भिंगाची. आपण जवळचं आणि दूरचं बघताना डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो, आणि त्यासाठी किती ताण लागला यावरूनही अंतराचा अंदाज येतो. कोळ्याचं भिंग कवचात बसलेलं, त्याचा आकार बदलत नाही.

तीनही दारं बंद. तरी कोळ्याचा नेम चुकत नाही.

डोळ्यातला एक ‘निरुपयोगी’ थर

धागा सापडला तो पडद्याच्या रचनेत. या मोठ्या डोळ्याचा पडदा एकपदरी नसून चार थरांचा आहे, प्रकाशाच्या वाटेवर एकामागे एक रचलेले. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ मायकेल लँड यांनी १९६९ मध्ये या थरांचं बारकाईने वर्णन केलं. त्या वेळचा तर्क असा होता की हे थर वेगवेगळ्या रंगांसाठी असावेत. साध्या भिंगातून सगळे रंग एकाच जागी एकवटत नाहीत. निळा भिंगाच्या जवळ एकवटतो, हिरवा त्याच्या मागे, तांबडा आणखी मागे. मग प्रत्येक रंगाला त्याच्या जागेवर स्वतंत्र थर, हा तर्क पटण्यासारखाच होता.

हे थर भिंगापासून सर्वांत दूरच्या बाजूने मोजतात. सर्वांत मागचा पहिला, त्याच्या पुढचा दुसरा. जपानमधल्या ओसाका सिटी विद्यापीठातल्या गटाने हॅसेरियस अडान्सोनी या कोळ्यात हे दोन थर तपासले. उष्ण प्रदेशांत जगभर, घराच्या भिंतींवर सर्रास आढळणारा हा कोळी भारतातही आहे. नर काळा, अंगावर पांढऱ्या चंद्रकोरीसारख्या खुणा, मादी तपकिरी.

तपासात निघालं असं, की पहिला आणि दुसरा, दोन्ही थर हिरव्याच प्रकाशाला प्रतिसाद देतात. हिरव्या प्रकाशाची स्पष्ट प्रतिमा पहिल्या थरावर पडते, ते ठीक. दुसरा थर मात्र भिंगाच्या जास्त जवळ. तिथे निळसर प्रकाश नीट एकवटला असता, पण तो या थराला नीट दिसत नाही. जो हिरवा दिसतो, तो तिथे एकवटलेलाच नसतो. म्हणजे या थराला कायम धूसर चित्रच दिसणार.

कायम धूसर दिसणारा थर निसर्गाने ठेवलाच कशाला?

भिंग, कागद आणि मेणबत्ती

उत्तरासाठी एक साधा प्रयोग मनात करून बघा. शाळेत होतं तसं, १० सेंटीमीटर नाभीय अंतराचं एक बहिर्वक्र भिंग घ्या. खूप दूरच्या झाडाची स्पष्ट प्रतिमा भिंगामागे १० सेंटीमीटरवर धरलेल्या कागदावर पडेल. आता झाडाऐवजी भिंगापासून ३० सेंटीमीटरवर मेणबत्ती ठेवा. स्पष्ट प्रतिमा हवी असेल तर कागद १५ सेंटीमीटरवर न्यावा लागेल. मेणबत्ती आणखी जवळ, २० सेंटीमीटरवर आणली तर कागदही २० सेंटीमीटरवर. वस्तू जितकी जवळ, तितकी तिची प्रतिमा मागे पडते.

आता कागद हलवायचाच नाही असं ठरवा. तो १० सेंटीमीटरवर पक्का. मेणबत्ती ३० वर असताना त्यावर धूसर डाग दिसेल आणि २० वर आणली की डाग आणखी पसरेल. म्हणजे कागद न हलवता, भिंग न हलवता, फक्त डाग किती पसरला आहे हे बघून मेणबत्ती किती दूर आहे ते सांगता येतं.

यात एक मेख आहे. डाग पसरट दिसतोय तो मेणबत्ती जवळ आहे म्हणून, की ज्योतच मुळात मोठी आणि पसरट आहे म्हणून? एका चित्रावरून हे ठरवता येत नाही. त्यासाठी त्याच वस्तूचं एक स्पष्ट चित्रही शेजारी हवं.

कोळ्याकडे नेमकी हीच सोय आहे. मागच्या पहिल्या थरावर स्पष्ट चित्र, पुढच्या दुसऱ्या थरावर त्याच वस्तूचं, त्याच क्षणी, धूसर चित्र. माशी जवळ असली की तिची प्रतिमा मागे सरकते, दुसऱ्या थरापासून लांब जाते आणि तिथलं चित्र जास्त धूसर होतं. दूर असली की कमी धूसर. दोन चित्रांतला फरक हीच त्याची मोजपट्टी. निरुपयोगी वाटणारा थर मुद्दाम धूसर बघायलाच ठेवलेला आहे.

तुमच्या फोनचा पोर्ट्रेट मोड आठवा. फोन आधी कोण किती दूर आहे ते ठरवतो आणि मग मागचं दृश्य धूसर करतो. कोळी उलट्या बाजूने जातो, आधी धूसरपणा बघतो आणि त्यावरून अंतर काढतो.

सिद्ध कसं झालं?

कल्पना सुंदर आहे म्हणून खरी असेलच असं नाही. ओसाकाच्या गटाने आधी कोळ्याचे डोळे आलटूनपालटून झाकले. दोन्ही मोठे डोळे झाकल्यावर त्याला नीट उडी मारता आली नाही. मात्र फक्त एक मोठा डोळा उघडा ठेवला, बाकीचे झाकले, तरी नेम बरोबर लागला. एकाच डोळ्यावर काम भागतं म्हटल्यावर दोन डोळ्यांची तुलना हा मुद्दा निकालात निघाला.

खरा कस लागला तो रंगाच्या प्रयोगात. वर आलंच आहे की तांबडा प्रकाश हिरव्यापेक्षा भिंगापासून जास्त मागे एकवटतो. मग खोलीत फक्त तांबडा प्रकाश ठेवला तर काय होईल? माशी जागची हललेली नाही, पण तिची प्रतिमा मागे सरकेल. दुसऱ्या थरावरचं चित्र नेहमीपेक्षा जास्त धूसर होईल. धूसर म्हणजे जवळ, हा कोळ्याचा हिशेब. म्हणजे सिद्धांत खरा असेल, तर तांबड्या प्रकाशात कोळ्याला माशी आहे त्यापेक्षा जवळ वाटली पाहिजे आणि त्याची उडी कमी पडली पाहिजे.

झालंही तसंच. हिरव्या प्रकाशात कोळ्यांनी भक्ष्यावर अचूक उड्या मारल्या. तांबड्या प्रकाशात त्यांच्या उड्या कमी पडल्या.

या प्रयोगाचं खरं बळ चूक कोणत्या दिशेला झाली यात आहे. तांबड्यात नुसतं नीट दिसत नव्हतं असं मानलं, तर उड्या कधी कमी, कधी जास्त, कधी भलतीकडे गेल्या असत्या. त्या कमीच पडल्या, आणि भिंगाच्या गणिताने किती कमी पडायला हव्यात याचा जो अंदाज दिला होता त्याच्याशी त्या जुळल्या. हा अभ्यास जानेवारी २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला.

या मोजपट्टीला मर्यादाही आहे, आणि ती पुन्हा भिंग-कागदाच्या उदाहरणातच दिसते. मेणबत्ती एक मीटरवर असेल तर प्रतिमा सुमारे ११.१ सेंटीमीटरवर पडते, दोन मीटरवर नेली तर १०.५ वर आणि दहा मीटरवर नेली तर १०.१ वर. मेणबत्ती आठ मीटर मागे गेली, पण प्रतिमा जेमतेम ४ मिलिमीटर सरकली. दूरच्या वस्तूंसाठी धूसरपणातला फरक इतका कमी होतो की त्यावरून अंतर सांगणं कठीण. कोळ्याचा डोळा या भिंगापेक्षा कितीतरी लहान, तेव्हा त्याच्यासाठी ‘दूर’ फार लवकर सुरू होतं. त्याचं यात काही बिघडत नाही म्हणा. त्याला उडीच्या टप्प्यापुरतंच अचूक अंतर हवं असतं, आणि तो टप्पा काही सेंटीमीटरचा असतो.

भिंतीवरची शिकार

आता हे सगळं घरातल्या भिंतीवर आणा. एक माशी बसली आहे. कडेच्या डोळ्यांनी हालचाल टिपली, कोळी वळला, मोठ्या डोळ्यांनी पट्ट्यापट्ट्याने ती निरखली. खाण्यालायक आहे असं ठरलं की तो तिच्याकडे निघतो. सुरुवातीला भरभर, जवळ आल्यावर अगदी हळू, पोट भिंतीला टेकवल्यासारखं. टप्प्यात आला की थांबतो आणि पोटाच्या टोकाने धाग्याचं एक टोक भिंतीला चिकटवतो. सुळक्यावर चढणारा गिर्यारोहक आधी दोर बांधतो तसं. उडी फसली तर तो या धाग्यावर लोंबकळतो आणि परत वर चढतो.

धाग्याचा उपयोग एवढाच नाही. तैवानमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की उडीच्या वेळी कोळी या धाग्याने स्वतःला हवेत सावरतो. धाग्याशिवाय उडी मारणारे कोळी हवेत मागच्या बाजूला कलंडत होते आणि उतरताना घसरत होते.

उडीही आपल्यासारखी नाही. टोळाचे मागचे पाय जाडजूड असतात, या कोळ्याचे बघितलेत तर काटकुळे. कोळ्यांच्या पायातल्या काही मुख्य सांध्यांना पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. शरीरातल्या द्रवाचा दाब एकदम वाढवून ते पाय ताठ करतात. जेसीबीचा दांडा तेलाच्या दाबाने उचलला जातो, तत्त्व तेच.

आणि अंतर इथेही ठरवतं. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘किम’ नावाच्या एका मादीच्या उड्या वेगवान कॅमेऱ्यांनी टिपल्या, तो अभ्यास २०१८ मध्ये आला. जवळच्या लक्ष्यासाठी ती कमी उंचीची, झटपट पोचणारी उडी निवडत होती, त्यात ताकद जास्त गेली तरी चालेल. लांबच्या लक्ष्यासाठी कमी ताकदीत जमेल असा कोन ती घेत होती. म्हणजे अंतराचा अंदाज चुकला तर फक्त पल्लाच नाही, उडीचा प्रकारच चुकणार.

कोळ्याची ही युक्ती आता माणसांनीही उचलली आहे. २०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे तीन मिलिमीटर व्यासाचं एक सपाट भिंग बनवलं. ते एकाच वेळी एकाच दृश्याची दोन चित्रं देतं, दोन्हींतला धूसरपणा वेगवेगळा. त्यांची तुलना करून संगणक समोरची वस्तू किती दूर आहे ते काढतो. छोट्या रोबोटमध्ये किंवा अंगावर घालायच्या उपकरणांत, जिथे दोन कॅमेरे बसवायला जागा नसते, तिथे हे उपयोगी पडेल असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांच्या भिंगाने बनवलेल्या चित्रांची तुलना करायला संगणक लागतो. भिंतीवरचा कोळी ते काम खसखशीच्या दाण्याएवढ्या मेंदूत उरकतो, आणि तोवर त्याचे मागचे पाय भिंतीवरून सुटलेलेही असतात.